नववा लागला की नऊ पूर्ण झाले?

आमच्या बालरोग क्लिनिकने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लसीकरणाच्या आठवणीची सहा चित्रं टाकली होती. बोटाने सरकवत बघायची. तिसऱ्या चित्रावर वेळापत्रक होतं, आणि त्यातल्या एका ओळीत मी चूक करून ठेवली होती. "नवव्या महिन्यात: गोवर-रुबेला", असं लिहिलं होतं मी.

20 सप्टेंबरला एक आजी नातीला घेऊन आल्या. मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच लिहिलंय ना? हिला नववा लागून आठवडा झाला." बाळाचा जन्म 12 जानेवारीचा. म्हणजे 12 सप्टेंबरला आठ महिने पुरे झाले आणि नववा लागला. आजींचा हिशोब बिनचूक होता. आपल्याकडे पोटातल्या बाळाचे महिने असेच मोजतात, सातवा लागला, नववा लागला. लसीला मात्र नऊ महिने पूर्ण व्हावे लागतात, म्हणजे 12 ऑक्टोबर उजाडावा लागतो. "आजी, चूक माझी आहे. पण इंजेक्शन आज नाही," असं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला: "महिनाभराने असं काय बिघडतं?"

बिघडतं ते असं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात. ही शिदोरी पहिले काही महिने बाळाला गोवरापासून सांभाळते. पण ती बाळाने स्वतः तयार केलेली नसते, त्यामुळे वापरून संपत जाते. सहा-आठ महिन्यांनी बरीचशी ओसरलेली असते.

आता गोवर-रुबेलाच्या लसीत असतात ते जिवंत, पण कमजोर केलेले विषाणू. त्यांनी बाळाच्या अंगात थोडं वाढावं, आणि ते पाहून बाळाच्या शरीराने आपली प्रतिपिंडं करायला शिकावं, अशी ही योजना आहे. आईची प्रतिपिंडं अजून भरपूर असतील तर ती या विषाणूंना वाढूच देत नाहीत. सुई टोचली जाते, बाळ रडतं, कार्डावर तारीख पडते, आणि शरीर काहीच शिकत नाही. हे वरून बघून कळण्याचा मार्गही नसतो.

मग वर्षाचं झाल्यावरच का देत नाही? खरं तर तेव्हा लस अधिक चांगली लागू पडते. नऊ महिन्यांना दिली तर शंभरातल्या साधारण 85 बाळांना संरक्षण मिळतं, वर्षाला दिली तर 95 च्या आसपास. गोवर क्वचितच दिसतो अशा अनेक देशांत पहिला डोस बारा महिन्यांनंतरच देतात. आपल्याकडे तेवढं थांबणं परवडत नाही, कारण शिदोरी संपल्यानंतर आणि वाढदिवसाच्या आधी गोवर गाठू शकतो. शिवाय लहानपणी स्वतः गोवर काढलेल्या आयांच्या मानाने लस घेतलेल्या आयांकडून बाळाला प्रतिपिंडं कमी मिळतात, आणि ती लवकर ओसरतात. आजींच्या पिढीतली बाळं आणि त्यांची नात यांत हाही फरक आहे. नऊ पूर्ण ही तारीख म्हणजे या ओढाताणीतून काढलेला मध्य.

साथ असेल तर हा मध्यही सरकतो. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवर पसरला, तेव्हा ज्या भागांत नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही तो होत होता तिथे सहा महिन्यांपासूनच एक डोस देण्याचं ठरलं. त्याचं नावच 'शून्य डोस'. तो हिशोबात धरत नाहीत. पुढचे दोन्ही डोस वेळेवर घ्यावेच लागतात.

पहिल्या डोसने न शिकलेली ती पंधरा बाळं कोणती, हे आपल्याला कळत नाही, म्हणून दुसरा डोस सगळ्यांनाच. पालक त्याला 'बूस्टर' म्हणतात आणि "एक झालाय ना" म्हणून टाळतात. दीड वर्षाच्या त्रिगुणी लसीचा डोस खरा बूस्टर आहे, तो विसरत चाललेल्या शरीराला उजळणी देतो. गोवराचा दुसरा डोस मुख्यतः पहिल्या वेळी नापास झालेल्यांसाठी आहे.

आता दुरुस्त केलेलं तिसरं चित्र. सरकारी वेळापत्रकावरून घेतलंय:

जन्मल्यावर: बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ-बी (24 तासांच्या आत)
6 आठवडे पूर्ण: पेंटा, पोलिओ (थेंब आणि इंजेक्शन), रोटा, न्यूमोकोकल
10 आठवडे पूर्ण: पेंटा, पोलिओ थेंब, रोटा
14 आठवडे पूर्ण: 6 आठवड्यांसारखंच
9 महिने पूर्ण: गोवर-रुबेला, न्यूमोकोकल, पोलिओ इंजेक्शन
16 ते 24 महिने: गोवर-रुबेला दुसरा, त्रिगुणी बूस्टर, पोलिओ थेंब
5 ते 6 वर्षं: त्रिगुणी दुसरा बूस्टर

जपानी मेंदूज्वराची लस काही जिल्ह्यांतच देतात. खासगी दवाखान्यात गोवर-रुबेलाबरोबर गालगुंडाचीही लस एकत्र मिळते, तिचे डोस तीन असतात, आणि इतर काही लसीही सुचवतात. म्हणून चित्राच्या खाली ठळक लिहिलंय: तुमच्या बाळाच्या तारखा तुमचे डॉक्टर कार्डावर लिहितील, त्याच धरा.

त्याच नातीचं कार्ड उघडलं तर पेंटाच्या, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या, रकान्यातही गंमत होती. पहिला डोस 23 फेब्रुवारीला, अगदी 42 व्या दिवशी. दुसरा 23 मार्चला हवा होता, पण माय-लेकी माहेरी होत्या, तो पडला 20 मेला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल." तसं काही नसतं. पहिल्या डोसने तयार झालेल्या स्मृतिपेशी दोन महिने उशीर झाला म्हणून पुसल्या जात नाहीत. जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. तिसरा डोस चार आठवड्यांनी, 17 जूनला झाला. उशीर चालतो म्हणजे तो बरा असं नाही, मधल्या काळात डांग्या खोकल्यापुढे बाळ अर्धवट उघडं असतं. घाई मात्र चालत नाही. चार आठवड्यांच्या आत दिलेला डोस धरत नाहीत, कारण पहिल्याचं शिकणं अजून चालूच असतं.

पाचव्या चित्रावर ताप आहे. पेंटानंतरचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो, मांडी दुखते, बाळ किरकिर करतं. गोवराच्या लसीचा ताप मात्र साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. कमजोर विषाणूला वाढायला तेवढे दिवस लागतात, इतकंच. पालकांना तोवर लस आठवतही नसते. तापाच्या औषधाचं माप बाळाच्या वजनावर ठरतं, तेव्हा ते शेजारच्या बाळाच्या बाटलीवरून न घेता डॉक्टरांना विचारूनच द्यायचं. झटका आला, बाळ मलूल पडलं किंवा दूध घेईना, तर लगेच दाखवायचं.

साधी सर्दी असेल तर लस पुढे ढकलायची गरज नसते. पण बाळाला रक्त चढवलं असेल, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल किंवा आधीच्या डोसनंतर अंगभर गांधी उठून श्वास लागला असेल, तर सुईच्या आधी ते सांगायला हवं.

आजी 12 ऑक्टोबरला सकाळी पहिल्या नंबरला हजर होत्या. उजव्या दंडात लस झाली, अर्धा तास बाकावर बसल्या. निघताना म्हणाल्या, "पुढची सोळाव्या महिन्यात ना?" आणि माझ्याकडे बघून स्वतःच दुरुस्त केलं, "सोळा पूर्ण."