ई-चलानावरील लेखी हरकत

वाहतूक नियमभंगाबद्दल पाठवलेले ई-चलान चुकीचे आहे, असे वाहनमालकाने तारीख, ठिकाण व पुरावा देऊन संबंधित वाहतूक शाखेला पत्राने कळवणे आणि ते रद्द करण्याची मागणी करणे, याला ई-चलानावरील लेखी हरकत म्हणतात. दंड भरण्याआधीच ती नोंदवावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे दंड भरणे म्हणजे गुन्ह्यावर तडजोड करणे असल्याने, ‘आधी भरून टाकू, मग तक्रार करू’ असे म्हणणाऱ्याची बाजू त्याच्याच हाताने लंगडी होते.

कोकणात या हरकतींचा एक ठरावीक प्रकार आढळतो. वाहन रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या गावी उभे असते आणि चलान येते पनवेल, ठाणे वा मुंबईहून. कॅमेऱ्याने टिपलेल्या किंवा कर्मचाऱ्याने यंत्रात भरलेल्या क्रमांकात ३ चा ८ झाला, किंवा मालिकेतले एखादे अक्षर बदलले, की दंड भलत्याच मालकाच्या नावे नोंदला जातो. मालक चाकरमानी असेल आणि नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल, तर संदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि गणपतीला गावी येताना रस्त्यात गाडी अडवली गेल्यावर थकीत दंडाचा आकडा प्रथम कानावर पडतो.

हरकतीचा आरंभ चलानावरील छायाचित्रापासून करावा. mahatrafficechallan.gov.in या संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरले की चलान दिसते. तक्रार नोंदवण्याची सोयही तेथे आहे. छायाचित्र मोठे करून आधी क्रमांकाची पाटी वाचावी, नंतर वाहनाचा प्रकार, रंग व मॉडेल पाहावे आणि या चारही गोष्टी नोंदणी प्रमाणपत्राशी ताडाव्यात. प्रमाणपत्रावर करड्या रंगाची स्कूटर आणि छायाचित्रात काळी मोटरसायकल असेल, तर निम्मे काम तेथेच झाले, कारण हा पुरावा खुद्द पोलिसांच्या नोंदीतला आहे. पाटीवरचा क्रमांक अगदी आपलाच असून वाहन मात्र दुसरे असेल, तर प्रकरण बनावट पाटीचे असू शकते. तेव्हा हरकतीबरोबर जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी आणि तिची प्रत पत्राला जोडावी.

पत्र कोणाला लिहायचे, याबाबत सर्रास चूक होते. अनेक जण ते प्रादेशिक परिवहन कार्यालयात नेऊन देतात. चलान त्या कार्यालयाच्या पथकाने केलेले नसेल, तर ते रद्द करणे त्याच्या हाती नसते. जिल्ह्यातल्या रस्त्यावरील चलानासाठी पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील जिल्हा वाहतूक शाखा, आयुक्तालयाच्या हद्दीत तेथील वाहतूक शाखा, तर महामार्ग पोलिसांनी केलेल्या चलानासाठी त्यांचेच कार्यालय, असा क्रम असतो. म्हणून हद्द नीट तपासावी. पनवेल व कळंबोली रायगड जिल्ह्यात असली तरी पोलिसांच्या दृष्टीने ती नवी मुंबई आयुक्तालयात मोडतात. तेथील चलानाविरुद्ध अलिबागला पाठवलेले पत्र फार तर पुढे पाठवले जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गुहागर तालुक्यातील एका मालकाला त्याच्या स्कूटरच्या नावे, १४ जून रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी कळंबोली येथे हेल्मेट न घातल्याबद्दल चलान आले. त्या दिवशी स्कूटर चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होती आणि तेथील जॉबकार्डावर वाहन क्रमांक, किलोमीटरची नोंद, गाडी ताब्यात घेतल्याची वेळ १०.४० व परत दिल्याची वेळ ४.३० अशी होती. पत्राचा मजकूर इतकाच पुरेसा आहे: ‘वरील चलानात नमूद केलेल्या दिनांकी व वेळी माझे वाहन चिपळूण येथे दुरुस्तीसाठी जमा होते. कळंबोली तेथून सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर आहे. चलानासोबतच्या छायाचित्रातील वाहन मोटरसायकल असून तिच्या क्रमांकातील शेवटचा अंक ८ दिसतो. माझ्या वाहनाचा शेवटचा अंक ३ आहे. सबब सदर चलान रद्द करून निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.’ वर संदर्भ म्हणून चलान क्रमांक, आणि सोबत चलानाची प्रत, मोठे केलेले छायाचित्र, नोंदणी प्रमाणपत्र व जॉबकार्ड यांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडाव्यात. मूळ कागद देऊ नयेत.

या पत्राचे बळ एका साध्या गोष्टीत आहे: प्रत्येक कागद चलानातील एकाच क्षणाला उत्तर देतो. ‘मी त्या दिवशी घरीच होतो’ हे शेजाऱ्याचे लेखी निवेदन, किंवा मोबाइलमधला ठिकाणांचा इतिहास, मालक कोठे होता हे सांगतो. वाहन कोठे होते, हे त्यातून ठरत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या तिकिटावर वाहन क्रमांक व वेळ असेल तर ते उपयोगी, नुसती तारीख असेल तर दुबळे. चारचाकीच्या बाबतीत फास्टॅगचे बँक विवरण चांगले ठरते, कारण त्यात टोलनाक्याचे नाव व वेळ दोन्ही असतात. ‘वाहन माझे नाही, आणि असले तरी वेग जास्त नव्हता’ अशी दुहेरी भूमिका मात्र घेऊ नये. पहिल्या वाक्याने कमावलेले दुसऱ्याने जाते.

कॅमेऱ्यावरील चलानांना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १६७ अ लागू होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या या नियमानुसार उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र असावे, ते दर वर्षी नूतनीकृत व्हावे आणि नियमभंगाची सूचना पंधरा दिवसांत पाठवली जावी. सूचना उशिरा आली असेल तर तेही पत्रात लिहावे, पण मुख्य मुद्दा म्हणून नव्हे. वाहन वेगळे असल्याचे उघड दिसत असताना उशिराची तक्रार पुढे केली, की वाचणाऱ्याचे लक्ष मूळ चुकीवरून हटते. वेगाचे चलान असेल तर गोष्ट निराळी. तेथे उपकरणाचे प्रमाणपत्र हाच वादाचा गाभा ठरू शकतो आणि त्याची प्रत माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येते.

पत्र प्रत्यक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा, टपालाने पाठवल्यास पोहोच जपून ठेवावी. संकेतस्थळावरील तक्रारीत हाच मजकूर द्यावा, म्हणजे दोन नोंदींत फरक राहत नाही.

हरकत म्हणजे अपील नव्हे. शाखा चलान रद्द करू शकते वा हरकत फेटाळू शकते, आणि फेटाळल्यास अंतिम निवाडा न्यायालयाचाच. मधल्या काळात थकीत चलानासाठी लोकअदालतीची नोटीस येण्याचा संभव असतो. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या संमतीनेच तडजोड होते. चलान अमान्य असणाऱ्याने तेथे हरकतीची शिक्का असलेली प्रत दाखवून तडजोडीस नकार द्यावा. मालकाने वाहन विकले असून नाव हस्तांतर केलेले नसेल, तर या पत्राचा फारसा उपयोग होत नाही. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्याच दारी चलान येत राहते, आणि तेथे आधी हस्तांतराचे काम उरकावे लागते.