डास आणि सुई: मलेरिया दोन्हींतून येतो, पण एकसारखा नाही

मलेरियाच्या रुग्णाला चावलेला डास उडून लगेच तुम्हाला चावला, तर तुम्हाला मलेरिया होईल का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतील, कारण मनात चित्र असतं ते वापरलेल्या इंजेक्शनच्या सुईचं. पण खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्या डासापासून धोका आहे, पण आज नाही, दहा-बारा दिवसांनी.

मुळात डासाला पोट भरायला रक्त लागतच नाही. नर आणि मादी दोघंही फुलांतल्या आणि झाडांच्या गोड रसावर जगतात. रक्त लागतं ते फक्त मादीला, अंडी तयार करण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांकरता. एकदा रक्त प्यायलं की दोन-तीन दिवसांत अंडी तयार होतात. ती पाण्यात घातली की मादी पुन्हा रक्ताच्या शोधात निघते. म्हणून एकच मादी आयुष्यात अनेकांना चावते, आणि मलेरियाच्या जंतूचा सगळा प्रवास या पुन्हा पुन्हा चावण्यावर बेतलेला आहे.

सुईत एकच पोकळी असते. आधीच्या माणसाचं रक्त त्यात उरलं तर ते थेट पुढच्याच्या शरीरात जातं. डासाच्या सोंडेत मात्र दोन वेगळ्या नळ्या असतात. एकीतून लाळ खाली उतरते, तिच्यामुळे रक्त गोठत नाही आणि आपल्याला नंतर खाज सुटते. दुसरीतून रक्त वर जातं. वर गेलेलं रक्त पोटात पचतं, ते पुढच्या माणसात ओतलं जात नाही. एचआयव्ही डासातून पसरत नाही तो यामुळेच. तो विषाणू डासाच्या शरीरात वाढू शकत नाही, रक्ताबरोबर पचून जातो.

मग मलेरियाचा जंतू कसा सुटतो? खरं तर तोही बहुतांशी पचतोच. रुग्णाच्या रक्तात त्याची अनेक रूपं असतात, त्यांतली फक्त नर आणि मादी रूपं डासाच्या पोटात तग धरतात. तिथे त्यांचं मीलन होतं, त्यातून तयार झालेला जंतू पोटाच्या भिंतीत शिरतो आणि तिथे एक गाठ वाढू लागते. मलेरियाचा शोध घेणाऱ्या रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली ती हीच. त्या डासाने रुग्णाचं रक्त पिऊन चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्याला तशाच, पण आणखी मोठ्या गाठी दिसल्या. म्हणजे डासाच्या आत काहीतरी वाढत होतं! पुढे ही गाठ फुटते, हजारो बारीक, लांबट जंतू बाहेर पडतात आणि लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसतात. त्यानंतरच डासाची लाळ धोक्याची होते.

मुंबईतल्या एखाद्या बांधकामाच्या जागेचं उदाहरण घेऊ. तिथे साठवलेल्या पाण्यात ॲनोफिलीस स्टीफेन्साय हा शहरी मलेरियाचा डास वाढतो. समजा, मादीने १ जुलैला व्हायवॅक्स या प्रकारचा मलेरिया असलेल्या कामगाराचं रक्त प्यायलं. ४ तारखेच्या सुमारास ती दुसऱ्या कुणाला चावली, पण त्याला मलेरिया झाला नाही. ७-८ तारखेला पुन्हा चावली, तरी नाही. १२ तारखेला मात्र तिच्या लाळेत जंतू पोचले होते. त्या रात्री ज्याला चावली, त्याच्या यकृतात जंतू आठवडाभर गुपचूप वाढले, मग रक्तात उतरले, आणि ताप आला तो जुलैच्या शेवटी. ‘काल रात्री डास फार होते, म्हणून आज ताप आला’ हा हिशोब मलेरियाच्या बाबतीत चुकतो तो इथे.

या उदाहरणातली मादी नशीबवान म्हणायची. बहुतेक माद्या इतके दिवस जगतच नाहीत, जंतू तयार होण्याआधीच मरतात. थंडीत तर जंतूची वाढ फार मंदावते, आणि तापमान साधारण १६ अंशांखाली गेलं की थांबतेच.

आता पुन्हा सुईकडे. मलेरिया सुईतून किंवा दूषित रक्त चढवल्यानेही होतो, पण तेव्हा शरीरात जातात ती रक्तात वाढणारी रूपं. ती यकृतात शिरत नाहीत. डासाने सोडलेले जंतू मात्र आधी यकृतातच जातात, आणि व्हायवॅक्सचे काही तिथे झोपून राहतात. तेच महिन्यांनंतर जागे होऊन पुन्हा ताप आणतात, मधे एकही डास चावलेला नसला तरी. म्हणून डासामुळे झालेल्या व्हायवॅक्सवर रक्तातले जंतू मारणाऱ्या क्लोरोक्विनबरोबर, यकृतातल्यांसाठी १४ दिवसांचं प्रायमाक्विन देतात. ताप तिसऱ्या दिवशीच उतरतो आणि बरेच जण उरलेल्या गोळ्या सोडून देतात. रक्त चढवल्यामुळे झालेला व्हायवॅक्स असेल, तर यकृतात झोपलेलं कुणी नसतंच, त्यामुळे त्या १४ दिवसांची गरज पडत नाही.