मिटलेले डोळे उघडले, पण गाल मेणाचा झाला

फोटो पाठवताना फाटू नये म्हणून ‘क्वालिटी 100 ठेव’ असा सल्ला हमखास मिळतो. त्याच्या जोडीला ‘डीपीआय 300 कर’ हा मंत्रही असतो. डीपीआय ही छपाईसाठी फाइलीत लिहिलेली नुसती सूचना आहे. ती 72 ठेवा नाहीतर 3000, चित्रातला एकही पिक्सेल हलत नाही. क्वालिटी 100 ने फाइल जड होते एवढंच, कारण व्हॉट्सॲपसारखं ॲप फोटो उघडून, लहान करून, स्वतःच्या हिशेबाने पुन्हा दाबतंच.

दादरच्या एका सोसायटीतला हळदीकुंकवाचा ग्रुप फोटो घ्या. सगळ्या जणी छान आल्यात, फक्त एका काकूंचे डोळे मिटलेत. त्याच वेळी दुसऱ्या फोनवर काढलेल्या फोटोत ते उघडे आहेत, म्हणून काकूंना विचारून तिथला चेहरा इथे बसवला. कॉम्प्युटरवर जोड दिसत नाही. ग्रुपवर टाकल्यावर मात्र काकूंचा गाल मेणाचा आणि शेजारणींचे खरे दिसतात.

मूळ फोटो 4000 पिक्सेल रुंद आणि काकूंचा चेहरा त्यात 240 पिक्सेलचा. साध्या क्वालिटीत ॲप लांब बाजू साधारण 1600 वर आणतं, म्हणजे चेहरा उरला 96 पिक्सेल. जेपीईजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं. म्हणजे चेहऱ्याची अख्खी रुंदी 12 चौकोनांत बसली आणि एका डोळ्याची जेमतेम अडीच.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक चौकोनातल्या 64 पिक्सेलांचे 64 नवे आकडे होतात. पहिला आकडा सरासरी उजेडाचा असतो, बाकीचे त्या चौकोनात हळू आणि बारीक चढउतार किती आहेत ते सांगतात. हे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांबरोबर 1974 मध्ये मांडलं. पुढे प्रत्येक आकड्याला ठरलेल्या संख्येने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणतात. बारीक चढउतारांसाठी भाजक सहसा मोठा असतो, आणि फोटो मुख्यतः इथेच झिजतो.

समजा एका बारीक चढउताराचा भाजक 24 आहे. काकूंचा चेहरा ज्या फोनवरून आला त्यात ब्यूटी मोड चालू होता, त्यामुळे त्यांच्या गालावर हा आकडा 11 आला. शेजारणीच्या गालावर 14. भागाकार 0.46 आणि 0.58. एकाचा झाला 0, दुसऱ्याचा 1. फोटो उघडताना पुन्हा 24 ने गुणलं की काकूंकडे 0 आणि शेजारणीकडे 24. डोळ्याला न कळणारा 3 चा फरक 24 चा झाला! चांगला बसवलेला चेहरा पाठवल्यावरच उघडा पडतो तो यामुळे. आता यावर ‘एका क्लिकमध्ये एचडी’ करणारी ॲपं चालवली, तर ती त्वचा आणखी गुळगुळीत करतात आणि आकडा 11 वरून आणखी खाली जातो.

म्हणून आधी स्वतःच फोटो 1600 वर आणा आणि त्वचेवरचे बारीक दाणे, म्हणजे नॉइज, त्या मापावर शेजारच्या गालाशी जुळवा. 4000 वर केलेली दाण्यांची जुळणी लहान करताना टिकत नाही: पिक्सेलएवढे बारीक दाणे सरासरीत विरतात, ठिपक्यांसारखे जाडसर दाणे उरतात. फोटोशॉपमध्ये बसवलेल्या चेहऱ्यावर 50 टक्के करड्या रंगाचा ओव्हरले थर टाकून त्यात ‘ॲड नॉइज’ दीड-दोन टक्क्यांपासून सुरू करा, शेजारचा गाल बघत वाढवा. ‘मोनोक्रोमॅटिक’ चालू हवं, कारण रंगाची माहिती ॲप बहुधा दोन्ही दिशांनी निम्म्यावर आणतं आणि रंगीत दाण्यांचे डाग होतात. शार्प करायचं ते या मापावर आल्यावर, सगळ्या फोटोला एकदाच आणि हलकं.

जोड गालाच्या मधोमध आणू नका. सपाट त्वचेवर उजेडातला थोडासा फरकही पायरीसारखा दिसतो. केसांच्या रेषेवर आणि हनुवटीखालच्या सावलीत तो लपतो, कारण तिथे आधीच मोठे चढउतार असतात.

पाठवण्याआधी घरच्या घरी तालीम करता येते. इमेजमॅजिक हे कमांडने चालणारं सॉफ्टवेअर असेल तर:

```
magick group.png -resize "1600x1600>" -sampling-factor 4:2:0 -quality 60 test.jpg
```

ॲपचा नेमका हिशेब हा नव्हे, पण त्यापेक्षा सहसा कडकच. निकाल 200 टक्क्यांवर बघा. एकाच गालावर 8-8 पिक्सेलांचे चौकोन दिसले तर दाणे कमी पडले. चष्म्याच्या काडीभोवती लहरी उठल्या तर शार्प जास्त झालं.

ज्यांना छापायचाय त्यांना तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तो दाबला जात नाही. पण कुणी स्क्रीनशॉट काढून पुढे धाडला, तर चौकोनांची जाळी सरकते, सगळे भागाकार नव्याने होतात, आणि त्यावर आपला काही इलाज नाही.