सुनौली सीमा (रस्त्याने नेपाळ)

उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज जिल्ह्यातलं सीमेवरचं गाव म्हणजे सुनौली, कमानीपलीकडे नेपाळचं बेलहिया. पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करणारे आपल्याकडचे बरेच यात्रेकरू गोरखपूरहून इथूनच जातात.

भारतीय माणसाला इथे पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. हे कधीपासून, यावर एकमत नाही. साधारणपणे ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ कराराचं कलम ७ दाखवतात, पण त्यात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार, येणं-जाणं यात सारखी सवलत एवढंच आहे, पासपोर्ट हा शब्दच नाही. काहीजण मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातल्या १८१६ च्या सुगौली तहापर्यंत जातात, पण त्या तहाने सीमा आखली, ती उघडी ठेवा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. गोरखा भरती आणि तराईतला व्यापार यामुळे ये-जा आधीच चालू होती आणि १९५० ने तिला कागदावर आणलं, हे जास्त पटतं.

प्रत्यक्षात सशस्त्र सीमा बलाचा जवान बॅग उघडायला सांगतो, कधी ओळखपत्र मागतो, आणि लोक चालत पलीकडे जातात. शिक्का नाही, नोंद नाही. तरी फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवंच, पुढे हॉटेलातही मागतात.

विमानाचं वेगळं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचं अपहरण झालं, त्यानंतर विमानाने जाणाऱ्यांना ओळखीचा पुरावा सक्तीचा झाला. आता पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड लागतं. आधार फक्त १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना. आणि हे विमान कंपनीचा माणूस काउंटरवरच बघतो, म्हणजे सीमेच्या कितीतरी आधी अडवतात, बसचा कंडक्टर असलं काही बघत नाही.

घोळ होतो तो जाताना बस, येताना विमान असं केल्यावर. समजा नाशिकचं कुटुंब, आजोबा ७०, मुलगा ४२, दोघांकडे फक्त आधार, आणि सोबत अमेरिकन पासपोर्टवाली पुतणी. सुनौलीला बापलेक आरामात पार होतात. काठमांडू विमानतळावर मात्र आजोबा जातात आणि मुलगा अडकतो, त्याला काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा दाखला काढावा लागतो, नाहीतर परत बसने यावं लागतं. पुतणीचं आणखी वेगळं, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशीच, त्यामुळे सुनौलीत भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि बेलहियात नेपाळचा व्हिसा, दोन्ही तिलाच ऑफिस शोधून घ्यावे लागतात कारण गर्दीत कोणी थांबवत नाही. ते राहून गेलं तर नेपाळमधून निघताना पासपोर्टवर प्रवेशाची नोंदच सापडत नाही.

रेल्वेने जायचं तर बिहारमधलं जयनगर ते जनकपूरजवळचं कुर्था, ही गाडी एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे मात्र ओळखपत्र दाखवावं लागतं, बसपेक्षा कडक.