फोटोतली शिडी आणि साडेसहा मीटरचा कर्ण

सोलापूरहून भाच्याने परवा व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला, वहीतल्या आकृतीचा. उभी भिंत, आडवी जमीन, तिरकी शिडी, आणि खाली मेसेज, "मामा, भिंतीची उंची काढून दे की, पट्टीने मोजली तर दरवेळी वेगळंच येतंय".

वेगळंच येणार ना. मोबाईल जरा तिरका धरला की कागदाची जवळची बाजू मोठी आणि लांबची छोटी दिसते, मग काटकोनसुद्धा ८० अंशाचा वाटायला लागतो. आणि वहीतली आकृती मुळात कोणी मापात काढलेली नसते. त्यामुळे अशा फोटोतून लांबी मोजायचीच नाही, फक्त वाचायचं. कोपऱ्यात काटकोनाची ती छोटी चौकोनी खूण आहे का, आणि कुठला आकडा कुठल्या रेषेचा आहे, बस.

इथे जमिनीच्या रेषेखाली २.५ मीटर स्पष्ट होतं, पण शिडीवर दिसत होतं ६५. आता ६५ मीटरची शिडी म्हणजे वीसेक मजली बिल्डिंगला लावायची झाली, तीही बुडाशी फक्त अडीच मीटर लांब ठेवून! गणिताला त्यात काही अडचण नाही, उत्तर येतंच, पण अशी शिडी कुठल्या पेंटरकडे असते? फोटो झूम केला तर टिंब वहीच्या निळ्या रेघेवर बसलेलं, ६.५ होतं ते. उलट झालं असतं, म्हणजे शिडी ६.५ आणि जमीन २५ वाचली असती, तर चूक लगेच पकडता आली असती, कारण काटकोनासमोरची बाजू, म्हणजे कर्ण, तीच कायम सगळ्यात मोठी असते आणि इथे कर्ण म्हणजे शिडी.

आता गणित दोन ओळींचं, पायथागोरसचं: काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग म्हणजे बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. शिडीचा वर्ग ४२.२५, जमिनीच्या अंतराचा वर्ग ६.२५, वजा केले की ३६, वर्गमूळ ६. शिडी ६ मीटर उंचीवर टेकते. (भिंतीची उंची नव्हे हां, भिंत त्याच्याही वर कितीही असेल.) पोरं इथे हमखास वजाबाकीऐवजी बेरीज करतात, मग ४८.५ चं वर्गमूळ सुमारे ६.९६ येतं, म्हणजे साडेसहाची शिडी जवळजवळ सात मीटरवर पोचली! उत्तर शिडीपेक्षा मोठं आलं की तिथेच थांबायचं, मागे जाऊन चिन्ह बघायचं.

इथवर शाळेचं काम संपतं, पण गणित बनवणाऱ्याने ६.५ घेतलेत ते मला फार आवडलं. ६५ हा असा सगळ्यात लहान पूर्णांक आहे की त्याला कर्ण धरून बाकीच्या दोन बाजू पूर्णांकात चार वेगवेगळ्या प्रकारे बसतात: १६ आणि ६३, २५ आणि ६०, ३३ आणि ५६, ३९ आणि ५२. म्हणजे आपली शिडी भिंतीवर खालीवर सरकवत गेलो तरी आकडे दर थोड्या वेळाने सुटसुटीत येतात, कॅल्क्युलेटर लागत नाही.

मग सरकवूनच बघू. शिडीचा पाय भिंतीपासून १.६ मीटरवर असेल तर टोक ६.३ वर असतं. पाय ०.९ मीटर बाहेर ओढला, २.५ वर आला, तर टोक ६ वर, म्हणजे जेमतेम ०.३ मीटर उतरलं. अजून ओढत पाय ३.९ वर नेला तर टोक ५.२ वर. आणि शेवटाकडे पाय ६ वरून ६.३ वर जातो, फक्त ०.३ मीटर, तेवढ्यात टोक २.५ वरून १.६ वर येतं, तब्बल ०.९ मीटर खाली! शिडी तीच, सूत्र तेच, पण सुरुवातीला पाय बराच सरकला तरी वर उभ्या माणसाला फारसं कळत नाही आणि शेवटी पाय जरासा हलला तरी टोक धाडकन येतं.

शिडी लावायचा जो नेहमीचा नियम आहे, चार भाग उंचीला एक भाग अंतर, तो या १.६ आणि ६.३ च्या जोडीला जवळपास बरोबर बसतो, शिडी जमिनीशी साधारण ७५ अंशात उभी राहते. भाच्याच्या वहीतली शिडी ६७ अंशाच्या आसपास आहे, म्हणजे जरा जास्तच पसरलेली. नवी पेठेत दुकानाचा बोर्ड रंगवायला कोणी अशी लावली तर खाली एक माणूस पाय धरायला उभा करा म्हणेन मी, त्यातून फरशी गुळगुळीत असेल तर नक्कीच.

शिडी सरकणार की नाही हे मात्र हे सूत्र सांगत नाही, ते घर्षणावर ठरतं. आणि खरोखर घसरत पडणारी शिडी शेवटपर्यंत भिंतीला चिकटून राहीलच असंही नाही. भिंत आणि जमीन दोन्हीकडे घर्षण अजिबात नाही असं धरलं आणि शिडी स्थिर अवस्थेतून सुटली, तर टोक सुरुवातीच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर आलं की भिंत सोडतं, म्हणजे आपल्या ६ मीटरवाल्या शिडीसाठी ४ मीटरवर. त्याच्या खाली भिंत, जमीन आणि शिडी यांचा काटकोन त्रिकोणच उरत नाही, त्यामुळे वजाबाकी करून येणारी उंचीही तिथून पुढे लागू नाही.