डेटमभेद (हद्दमोजणीतील)

डेटमभेद : एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन आधारप्रणालींत वेगळे येणे. पृथ्वीचा आकार एका गोलाभाने, म्हणजे ध्रुवांशी चपट्या गोलाने, मानून तो जमिनीवरील बिंदूला जखडला की डेटम तयार होतो. भारताचा जुना डेटम 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेला असून मध्य प्रदेशातील कल्याणपूरच्या बिंदूला बांधलेला आहे. उपग्रहांवरून स्थान काढणारी यंत्रे डब्ल्यूजीएस 84 हा जागतिक डेटम वापरतात. बेळगाव परिसरात या दोहोंतला फरक सुमारे दीडशे मीटर भरतो.

एव्हरेस्ट गोलाभाची त्रिज्या मुळात फुटांत दिलेली आहे. भारतीय फुटाचे मीटरमध्ये रूपांतर वेगवेगळ्या काळी वेगवेगळे मानल्याने ती कुठे 6377276.345 मीटर, तर कुठे 6377301.243 मीटर छापलेली आढळते. हा सुमारे 25 मीटरांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण त्रिज्या एका फुटाची आणि मोजलेली अंतरे दुसऱ्या फुटाची धरली, तर कल्याणपूरपासून साडेनऊशे किलोमीटरांवरच्या बेळगावात चूक चार मीटरांच्या घरात जाते. काही जण हद्दींवरील सगळी तफावत या फुटावर ढकलतात. ते पटत नाही; जुन्या डेटममधून नव्यात जाण्यासाठी संपूर्ण देशाकरिता काढलेले सरासरी रूपांतरच अधिक दोषी असावे, कारण त्यात दहा-वीस मीटरांची चूक सहज उरते.

उदाहरणादाखल खानापूर-चंदगड शिवेवरील एक प्रसंग कल्पावा. (1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते, जुनी दप्तरे म्हणून सामाईक.) मोजणीदाराच्या मदतनिसाने जुन्या यादीतले अक्षांश-रेखांश सरासरी रूपांतराने बदलून घेतले आणि यंत्र घेऊन दगडाशी गेला. दगड 6.2 मीटर आग्नेयेला सापडला. चूक दीडशे मीटरांची असती तर लगेच ध्यानात आली असती. सहा मीटर म्हटल्यावर शेजाऱ्याने रातोरात दगड सरकवला असणार, अशीच शंका येते. बांधावरचे आण्णा म्हणाले, ‘‘आमच्या आजोबांपासून हितंच हाय बघा, साहेब.’’

मदतनिसाने आणखी दोन दगड पाहिले : 5.9 आणि 6.4 मीटर, दिशा तीच. नंतर त्याने जुन्या मोजणीचे टिपण उघडले. पहिल्या दोन दगडांतले अंतर 12 साखळ्या, म्हणजे 33 फुटी साखळीने 396 फूट किंवा 120.7 मीटर, यंत्राने ते 120.5 आले. एकच दगड हललेला असता तर हे अंतर बहुधा जुळले नसते. सगळे दगड एकाच दिशेला, जवळपास सारखेच सरकलेले दिसले की दोष जमिनीत नसून आकड्यांत असतो.

त्याने जुने अक्षांश-रेखांश ठाऊक असलेल्या जवळच्या त्रिकोणमितीय बिंदूवर यंत्र बसवून तिथला फरक काढला आणि तोच सर्व दगडांना लावला. उरलेली चूक अर्ध्या मीटरच्या आत आली. असा स्थानिक फरक मात्र त्याच भागापुरता चालतो. निपाणीकडच्या शिवेसाठी तो तिथल्या बिंदूवरून पुन्हा काढावा लागतो.