क्रेडिट नोट

ग्राहकाला आधी पाठवलेल्या बिलाची रक्कम कमी करण्यासाठी विक्रेता जो स्वतंत्र दस्तऐवज काढतो, त्याला क्रेडिट नोट म्हणतात. मूळ बिल तसेच राहते. त्यातला आकडा खोडला जात नाही आणि त्याच क्रमांकाचे सुधारित बिलही काढले जात नाही. क्रेडिट नोट त्या बिलाचा क्रमांक सांगून त्यातली ठरावीक रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा करते. भारतात नोंदणीकृत व्यापाऱ्यांसाठी याचे नियम केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३४ मध्ये आहेत. प्रस्तुत नोंद त्याच चौकटीतली आहे.

बिल सरळ बदलता येत नाही, कारण ते एकाच जागी नसते. GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्रात विक्रेत्याने ते दाखवले, की खरेदीदाराच्या GSTR-2B या खरेदीच्या पत्रकात उमटते, आणि त्या आधारे खरेदीदार इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतो. विक्रेत्याने आपल्या वहीत आकडा बदलला, तरी समोरच्याच्या वहीत आणि पोर्टलवर जुनाच आकडा राहतो. ई-इनव्हॉइस काढणाऱ्यांना पोर्टलवर ते रद्द करण्यासाठी २४ तास मिळतात. ती मुदत टळल्यावर रक्कम कमी करायची, तर क्रेडिट नोट हाच सरळ मार्ग उरतो.

कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट तीन प्रसंगी काढता येते: बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल, किंवा माल अथवा सेवा सदोष निघाली असेल. ग्राहकाने पैसे बुडवले, हे कारण यात बसत नाही. बुडीत येणे वहीत निर्लेखित करता येते, पण त्यावर भरलेला जीएसटी क्रेडिट नोट काढून परत मिळवता येत नाही. उलट बिल कमी रकमेचे झाले असेल, तर विक्रेत्याने डेबिट नोट काढायची असते. खरेदीदाराचा चुकीचा जीएसटी क्रमांक पडला असेल, तर रकमेला हात लावण्याचे कारण नाही. ती दुरुस्ती पुढच्या GSTR-1 च्या 9A तक्त्यात होते.

एक उदाहरण पाहू. पुण्यातल्या घाऊक विक्रेत्याने कोल्हापूरच्या दुकानदाराला ४० पंखे पाठवले. बिलात दर १,२५० रुपये लागला, म्हणजे माल ५०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९,००० आणि एकूण ५९,००० रुपये. प्रत्यक्षात ठरलेला दर होता १,१५० रुपये. शिवाय दोन पंखे सदोष निघून परत आले. पहिली क्रेडिट नोट दरातल्या फरकाची: ४० नगांवर प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे ४,०००, अधिक कर ७२० (केंद्राचे ३६०, राज्याचे ३६०), एकूण ४,७२० रुपये. दुसरी परत आलेल्या दोन नगांची: २,३००, अधिक कर ४१४, एकूण २,७१४ रुपये. दुकानदाराकडून येणे उरते ५१,५६६ रुपये. ताळा सोपा आहे: ३८ पंखे, १,१५० चा दर, त्यावर १८ टक्के. उत्तर हेच येते.

घोटाळा बहुतेक दुसऱ्या नोटेत होतो. माल परत घेताना कारकून मूळ बिल समोर ठेवतो आणि दोन पंख्यांची नोट १,२५० च्या दराने काढतो. त्या दोन नगांचे शंभर-शंभर रुपये पहिल्या नोटेत आधीच जमा झालेले असतात, त्यामुळे २०० रुपये आणि त्यावरचे ३६ रुपये कर दोनदा दिले जातात. खतावणीत ग्राहकाची बाकी २३६ रुपयांनी कमी दिसते आणि वर्षअखेरच्या खातेजुळणीपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून नवी नोट काढण्यापूर्वी त्या बिलावर आधी निघालेल्या नोटा पाहाव्यात.

विक्रेत्याच्या वहीत पहिल्या नोटेची नोंद अशी होते: विक्री (दरफरक) खाते नावे ४,०००, देय सीजीएसटी नावे ३६०, देय एसजीएसटी नावे ३६०, ग्राहकाचे खाते जमा ४,७२०. माल परत आला असेल, तर विक्री परत खाते नावे पडते आणि साठ्यातही नग वाढवावे लागतात. हे दुसरे काम विसरले, तर गोदामाची मोजणी वहीशी जुळत नाही.

नोटेवर काय असावे, हे केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावलीच्या नियम ५३ मध्ये दिले आहे. दोन्ही पक्षांची नावे, पत्ते व जीएसटी क्रमांक, ‘क्रेडिट नोट’ हा स्पष्ट उल्लेख, त्या आर्थिक वर्षात न दुहेरावणारा आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नसलेला क्रमांक, तारीख, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, कमी होणारी किंमत, कराचा दर व रक्कम, आणि सही. कराचा दर मूळ बिलातलाच लावायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये २८ टक्क्यांनी विकलेले सिमेंट ऑक्टोबरमध्ये परत आले, तर २२ सप्टेंबरपासून दर १८ टक्के झाला असला, तरी नोट २८ टक्क्यांचीच निघते. भरलेला कर तेवढाच होता.

नोंदणीकृत ग्राहकाला दिलेली नोट GSTR-1 च्या 9B तक्त्यात जाते, तीही नोट काढलेल्या महिन्याच्या विवरणपत्रात. मूळ बिलाच्या महिन्यात मागे जाण्याची गरज नसते. नंतर ती खरेदीदाराला पोर्टलवर दिसते. ऑक्टोबर २०२४ पासून इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये तो ती स्वीकारू किंवा नाकारू शकतो. नाकारली, तर तेवढा कर विक्रेत्याच्या पुढच्या GSTR-3B या कर भरण्याच्या विवरणपत्रात पुन्हा देय म्हणून येतो. कारणही रास्त आहे: खरेदीदाराने घेतलेले क्रेडिट परत केल्याशिवाय विक्रेत्याचा कर कमी केला, तर सरकारचा तेवढा कर बुडेल. त्यामुळे दर कशाने बदलला, किती नग परत गेले, हे नोट काढण्याआधीच फोनवर किंवा मेलवर नक्की करून घेतलेले बरे.

खरेदीदार माल परत पाठवताना बरेचदा स्वतःची डेबिट नोट जोडतो. ती व्यवहारात उपयोगी आहे, पण कलम ३४ प्रमाणे कर कमी करणारा दस्तऐवज फक्त विक्रेताच काढू शकतो. खरेदीदाराची डेबिट नोट नुसती फायलीला लावून ठेवली, तर विक्रेत्याचा कर तसाच राहतो.

मुदत ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली, त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत असते, यांपैकी जे आधी येईल ते. यात एक मेख आहे. मुदत नोट काढण्याची नाही, ती विवरणपत्रात दाखवण्याची आहे. नोव्हेंबरच्या २० तारखेला काढलेली नोट नोव्हेंबरच्या विवरणपत्रात जाते आणि ते डिसेंबरमध्ये भरले जाते. तोवर मुदत संपलेली असते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांनी जुन्या वर्षाच्या नोटा ऑक्टोबरअखेर काढलेल्या असाव्यात.

मुदत टळल्यावरही ग्राहकाला रक्कम देता येते, पण कर न लावता. अशा नोटेला व्यापारी किंवा फायनान्शियल क्रेडिट नोट म्हणतात. वरच्या उदाहरणातली दरफरकाची नोट अशी काढली, तर ती फक्त ४,००० रुपयांची निघेल: विक्रेत्याने भरलेले ७२० रुपये त्याला कमी करून मिळणार नाहीत आणि दुकानदारालाही आपले इनपुट क्रेडिट उलटवावे लागणार नाही. दुकानदार नोंदणीकृत असेल, तर ७२० रुपयांचे क्रेडिट त्याच्याकडे आधीच असते, तेव्हा त्याचे नुकसान होत नाही. ग्राहक नोंदणीकृत नसेल, तर मात्र ते ७२० रुपये कोणी सोसायचे, हे दोघांनी आपसात ठरवावे लागते.